कादंबरीचं नाटक करताना काय ठेवायचं, काय सोडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हौशी नाटक करणारी मंडळी अजून बरीच आहेत. त्यांच्यातलं कुणीतरी अधूनमधून आवडती कादंबरी घेऊन येतं आणि म्हणतं, याचं नाटक करूया. आमच्याकडेही ती अशीच आली. निपाणीच्या तंबाखू वखारीवरची कादंबरी, ३२० पानं, २७ प्रकरणं आणि नाव घेऊन येणारी ४१ माणसं. आमच्या हाताशी नट होते नऊ. त्या वर्षभरात जे शिकायला मिळालं त्यावरच लोक पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय. कादंबरीचं नाव देता येत नाही, कारण लेखकाच्या घरच्यांनी परवानगी दिली ती फक्त प्रयोगांपुरती.

सुरुवात कुठून करायची? पुस्तकातले संवाद उतरवून घ्यायला लागलं तर चालेल का?

तसं करू नका. आम्ही तेच केलं आणि दोन महिने वाया घालवले. कादंबरीतले संवाद वाचायला सुरेख असतात, पण त्यांच्या मागेपुढे लेखकाचं निवेदन उभं असतं. ते काढून घेतलं की संवाद लंगडे पडतात.

कादंबरी दोनदा नीट वाचा आणि बाजूला ठेवा. मग ती न वाचलेल्या माणसाला दहा मिनिटांत गोष्ट तोंडी सांगा. पुस्तक उघडायचं नाही. सांगताना जिथे तुमचा आवाज चढतो आणि समोरचा "मग?" म्हणतो, ती जागा खुणेची. आमच्यातल्या तिघांनी वेगवेगळ्या घरी बसून अशी गोष्ट सांगितली आणि तिघेही एकाच रात्रीपाशी येऊन थांबले.

ती रात्र अशी. सुशीला वखारीत तंबाखू चाळते. तिचा धाकटा भाऊ महादेव तंबाखू पिकवतो आणि तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनात महामार्गावर जाऊन बसलाय. वखार बंद पडू नये म्हणून मालक मागच्या दाराची किल्ली सुशीलाच्या हातात देतो. पहाटे दार उघड, बायकांना आत घे, तुला मुकादमीण करतो, म्हणतो. तिच्यापुढे एक रात्र आहे.

आम्ही तालमीच्या खोलीत भिंतीवर एक ओळ लिहून लावली: सुशीला दार उघडेल का? त्यानंतर कुठलाही प्रसंग, माणूस, वाक्य ठेवायचं की नाही हा वाद झाला की भिंतीकडे बोट दाखवायचं. ज्याच्यामुळे दार उघडणं तिला सोपं किंवा अवघड होतं, ते राहिलं. बाकीचं कितीही चांगलं असलं तरी गेलं. तुमच्या कादंबरीतून अशी एक ओळ निघत नसेल, तर नाटक लिहायला अजून वेळ आहे असं समजा.

प्रसंग निवडायची काही पद्धत आहे का?

आम्ही २७ प्रकरणांचे २७ कागदी पत्ते केले. प्रत्येक पत्त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या: इथे कुणाला कुणाकडून काय हवंय, प्रसंग संपताना काय बदललेलं असतं, आणि प्रेक्षकाला काय दिसतं किंवा ऐकू येतं. तिन्ही जागा भरल्या तर पत्ता राहतो.

तिसऱ्या प्रकरणात सुशीलाच्या आजोळची जत्रा आहे. अठरा पानं, आणि अख्ख्या कादंबरीतलं सगळ्यात देखणं लेखन. पत्त्यावरची पहिली जागा मात्र कोरी राहिली. कुणाला कुणाकडून काहीच नको होतं. जत्रा गेली, आणि ती घालवताना आमच्यात दोन दिवस अबोला होता.

पण त्याच प्रकरणात सुशीलाच्या आईची चाळण आहे. तिची जाळी एका बाजूने सुटलेली आणि लाल दोऱ्याने शिवलेली. ती चाळण आम्ही उचलली. एका प्रवेशात मालक ती पाहतो आणि म्हणतो, "टाक की ही, नवी देतो." सुशीला काही बोलत नाही, चाळण ओढून मांडीखाली घेते. आई, तिचं वखारीत झिजणं, तिचा खोकला, तिचं मरण हे सगळं कादंबरीत दोन प्रकरणं घेतं. नाटकात त्याला अर्धं मिनिट लागलं आणि मागे जाऊन बालपण दाखवावं लागलं नाही. म्हणून सोडलेल्या प्रकरणांतून शेवटचा हात फिरवा. हातात धरता येईल अशी एखादी वस्तू त्यात नक्की सापडते.

२७ पत्त्यांचे ११ उरले. त्यातले काही एकमेकांत मिसळून सात प्रवेश झाले. चुकीचा प्रसंग ठेवला गेलाय हे ओळखायची एक खूण सांगतो: तो कळावा म्हणून आधी दुसरा प्रसंग नव्याने लिहावा लागतो. असं झालं की दोन्ही काढा.

पात्राच्या मनातले विचार रंगमंचावर कसे आणायचे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

आमच्या कादंबरीतलं एकोणिसावं प्रकरण म्हणजे किल्लीची रात्र. सहा पानं सुशीला जागी आहे आणि विचार करतेय. आम्ही आधी त्याचं सरळ स्वगत केलं. निळा प्रकाश, एकटी बाई, चार मिनिटं. एका शाळेच्या हॉलमध्ये गावातल्या तीसेक लोकांसमोर ते वाचून-करून पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेतल्या खुर्च्या वाजायला लागल्या. अभिनय चांगला होता. अडचण अशी, की सुशीला जे सांगत होती ते तिला आधीच माहीत होतं. सांगता सांगता तिचं काहीच बदलत नव्हतं. शिवाय आपल्याकडच्या सभागृहांत वर दोन-तीन माईक टांगलेले असतात. हळू, मनाशी बोललेलं त्यात नीट पकडलं जात नाही. नटी मग आवाज चढवते आणि मनातलं बोलणं भाषण होऊन बसतं.

त्यानंतर ती सहा पानं घेऊन आम्ही प्रत्येक वाक्य तीनपैकी एका रकान्यात टाकलं.

पहिला रकाना माहितीचा. सावकाराचं देणं किती, मुलगी कितवीत, भावाने गेल्या वर्षी काय शब्द दिला. असं काही विचार म्हणून ठेवायचंच नाही. ते आधीच्या प्रवेशांत, दुसऱ्याच कारणाने चाललेल्या भांडणात किंवा हिशोबात पेरून टाकायचं.

दुसरा रकाना भावनेचा: भीती, थकवा, आईची आठवण. याला शब्दांची गरज नसते. सुशीलाने किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची, भाकरी थापताना ती गाठ मनगटाला लागायची, तिने पदर मागे टाकायचा, तो पुन्हा पुढे यायचा. कादंबरीतला सव्वा पानांचा मजकूर त्या गाठीत मावला. हे तालमीत नटीलाच सुचलं. लिहिणाऱ्याला असं सुचत नाही, म्हणून जागा मोकळी ठेवावी लागते.

तिसरा रकाना ओढाताणीचा. मन एकाच वेळी दोन दिशांना ओढलं जातं अशी वाक्यं. लिहायचं असतं ते इतकंच. आणि ते लिहायचं तर सुशीलाने कुणाकडे तरी काहीतरी मागायला हवं. कादंबरीत ती रात्रभर घराबाहेर पडत नाही. नाटकात आम्ही तिला शेजारच्या काशव्वाच्या दारात नेलं:

सुशीला : ही किल्ली आजच्या रातीपुरती तुझ्याकडं ठेव.
काशव्वा : माझ्याकडं कशाला?
सुशीला : घरात महादेव येतोय-जातोय. त्याच्या नजरंला पडली तर...
काशव्वा : महादेवला भितीस?
सुशीला : न्हाई.
काशव्वा : मग मालकाला?
सुशीला : ठेवतीस का न्हाई तेवढं सांग.
काशव्वा : ब्याड. माझ्या घरात ठेवलीस तर सकाळी मीच जाऊन उघडीन. तीन पोरं हाईत मला.

यातलं एकही वाक्य कादंबरीत नाही. विचार मात्र सगळे तिथलेच आहेत. सुशीलाला किल्ली जड झालीय, तिला दोष दुसऱ्यावर ढकलायचाय, आणि दार उघडणारीलाही पोटाचं कारण आहे, हे तिला त्या शेवटच्या वाक्यात कळतं. ती किल्ली घेऊन परत फिरते तेव्हा आली तेव्हापेक्षा वेगळी असते. चार मिनिटांच्या स्वगतात हे झालं नव्हतं.

स्वगत कधीच नको असं मी म्हणत नाही. बोलता बोलता पात्राला नवं काही उमगत असेल, किंवा स्वगताच्या शेवटी निर्णय होत असेल, तर जरूर ठेवा. आमच्याकडे शेवटी दोन ओळी उरल्या आणि त्या पुरल्या.

सूत्रधार आणला तर निवेदनाचा प्रश्न सुटतो ना?

निवेदनाचा सुटतो, नाटकाचा अवघड होतो. सूत्रधार आपल्या मातीतलाच आहे हे खरं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला सीतास्वयंवर केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. त्यात कथा पुढे नेणारी पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी करायची. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या १८८० च्या शाकुंतलात पदं पात्रांच्या तोंडी आली. शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गाऊ लागली. कादंबरीवरून नाटक करताना मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. जे सूत्रधार सांगतोय ते पात्राच्या तोंडी किंवा हाती देता येईल का, हे प्रत्येक ओळीला विचारायचं.

पौराणिक कथा प्रेक्षकाला आधीच माहीत असते, तिथे सूत्रधार गोडी वाढवतो. आमच्यासारख्या गोष्टीत पुढे काय होणार ही उत्सुकता महत्त्वाची, आणि सूत्रधार ती हळूहळू खातो. वर्षं उलटली किंवा गाव बदललं एवढं सांगायला तो हवा असेल तर ठेवा. "सुशीलाच्या मनात कालवाकालव झाली" असं तो म्हणायला लागला की त्याला आत पाठवा.

एवढी पात्रं कमी कशी करायची? दोघांचं एक केलेलं चालतं का?

चालतं, पण कुणालाही कुणाशी जोडून चालत नाही. आम्ही प्रत्येक पात्रासमोर लिहिलं: हा नसेल तर सुशीलाच्या बाबतीत काय घडायचं राहील? चौदा जणांपुढे काहीच लिहिता आलं नाही. ते निघाले. त्यात महादेवाची बायको होती, वाचकांची फार लाडकी. ती कादंबरीत महादेवाला उलगडते. आमच्या नाटकाला महादेव सुशीलाच्या नजरेतून दिसला तरी पुरत होता.

काशव्वा तीन बायकांची मिळून झालीय: कानडी बोलणारी शेजारीण, वखारीतली जुनी सोबतीण आणि नणंद. तिघींचं सुशीलाशी नातं वेगळं होतं, पण तिघींची गरज एकच, उद्याची मजुरी. म्हणून सांधा दिसला नाही.

सावकार आणि मुकादम यांना जोडायला गेलो तिथे फसलो. दोघे सुशीलाला दाबतात, मग एकच नट पुरे, असा आमचा विचार. पहिल्याच तालमीत तो नट म्हणाला, "मी पान तीनवर हिला अक्का म्हणतो, पान सातवर हिच्या अंगावर ओरडतो. मला हिच्याकडून नक्की काय पाहिजे?" बरोबर होतं त्याचं. सावकाराला पैसे हवेत आणि त्यासाठी सुशीला कामावर टिकायला हवी, म्हणून तो गोड बोलतो. मुकादमाची जागा सुशीलाला मिळणार आहे, म्हणून त्याला ती नकोच आहे. दोघांच्या गरजा एकमेकांच्या उलट होत्या. पुन्हा दोघांना वेगळं केलं. जोडलेल्या पात्राची परीक्षा हीच: नटाला एका वाक्यात "मला हे हवंय" म्हणता आलं पाहिजे.

मालकाला आम्ही एकाच प्रवेशात ठेवलं. तो किल्ली देतो आणि जातो. नंतर त्याची गरज लागत नाही. पदराला गाठ दिसते तोवर तो रंगमंचावर असतोच.

आंदोलन, मोर्चा, जत्रा असे गर्दीचे प्रसंग नऊ नटांत कसे करायचे?

गर्दी दाखवायला गेलात तर चार माणसं घोषणा देताना दिसतील आणि प्रेक्षक ती चारच मोजेल.

निपाणीचं १९८१ चं आंदोलन या भागातल्या जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोरचं आहे. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यापुढे चार नट पाडून दाखवणं आम्हाला बरं वाटलं नाही.

आमची बरीचशी गोष्ट वखारीत आणि वखारीबाहेरच्या ओट्यावर घडते. महामार्ग जवळच. म्हणून पहिल्या प्रवेशापासून संवादांच्या खाली ट्रकचा आवाज ठेवला: लांबून येणारा, गिअर बदलणारा, मधूनच हॉर्न. प्रेक्षक दहा मिनिटांत तो विसरतो. चौथ्या प्रवेशाच्या मध्यावर तो आवाज थांबतो. चाळण चालवणाऱ्या बायकांचे हात एकेक करून थांबतात. काशव्वा म्हणते, "रस्ता बसला." एवढंच. निपाणीच्या प्रयोगात त्या क्षणी सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

जाता जाता एक: चाळायला खरा तंबाखू घेऊ नका. आम्ही एकदा घेतला, त्या तालमीत कुणाच्याच तोंडून पुढचं वाक्य फुटेना. लाकडाचा भुसा घ्या, आवाज जवळपास तसाच येतो.

निवेदन प्रमाण मराठीत आहे, माणसं सीमाभागातली. नाटकाची भाषा कोणती ठेवायची? कानडी किती?

कादंबरीत निवेदनाची आणि संवादांची भाषा वेगळी असते, आणि वाचकाला ते खटकत नाही. नाटकात निवेदनातलं वाक्य उचलून पात्राला दिलं की लगेच कळतं. "माझं अंतःकरण विदीर्ण झालं" असं सुशीला म्हणणार नाही. निवेदनातून काही घ्यायचंच असेल तर आधी ते त्या पात्राच्या बोलीत मोठ्याने म्हणून बघा. तोंडात बसत नसेल तर ते वाक्य लेखकाचं आहे, त्याचं त्याला ठेवू द्या.

आणि बोली म्हणजे एकच बोली नव्हे. निपाणीची मराठी कोल्हापूरकडे झुकते, बेळगाव शहरातली वेगळी, खानापूरच्या जंगलपट्टीतली आणखी वेगळी. आमचा महादेव बेळगावचा मुलगा करत होता. त्याची भाषा घरातल्या बहिणीशी जुळेना, म्हणून निपाणीच्या एका विडी वळणाऱ्या आजींसमोर दोन तालमी केल्या. त्यांनी नऊ शब्द बदलून दिले.

कानडीबद्दल आमचा नियम साधा. कानडी शब्द कृतीबरोबर येऊ दे आणि त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात सांगू नये. काशव्वा "ब्याड" म्हणते तेव्हा तिचा हात किल्ली परत ढकलत असतो. कोल्हापूरच्या पलीकडच्या प्रेक्षकालाही ते कळलं. घाबरली की मात्र ती दोन वाक्यं सलग कानडीत बोलते, आणि तिथे सगळ्यांना सगळं कळायची गरज नाही. सुशीलाला कळतं, ते चेहऱ्यावर दिसतं.

परवानगी घ्यावी लागते का?

हो, आणि लिहायला बसण्याआधी. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९७० मध्ये वारलेल्या लेखकाची कादंबरी २०३० अखेरपर्यंत वारसांकडे असते. कादंबरीचं नाटक करणं हे रूपांतर, आणि त्याचा हक्कही त्यांचाच. प्रयोग फुकट असला तरी परवानगीचं पत्र घ्याच.

पत्रात किती प्रयोग, कुठल्या भाषेत, प्रसंग आणि पात्रं गाळायची-जोडायची मुभा, चित्रीकरण करता येईल का, हे स्पष्ट असू द्या. गाळण्या-जोडण्याची ओळ विसरू नका. आम्ही विसरलो होतो. महादेवाची बायको निघाल्याचं लेखकाच्या घरच्यांना तालमीत कळलं आणि आम्हाला पुन्हा जाऊन बसावं लागलं. पत्त्यांचा गठ्ठा दाखवल्यावर त्यांना पटलं.

नाटक किती लांब असावं?

पानांवरून अंदाज करू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. आमचा पहिला खर्डा तीन तास दहा मिनिटांचा निघाला. मध्यंतर धरून सव्वादोन तासांवर आणला. गावाकडे प्रयोग उशिरा सुरू होतो आणि परतीची गाडी लोकांच्या डोक्यात असते.

कादंबरीचा शेवट तसाच ठेवायचा का?

आमच्या कादंबरीला शेवटी दहा वर्षांनंतरचं एक प्रकरण आहे. सुशीलाने दार उघडलं नाही, तिचं काम गेलं, मुलगी शिकली, महादेव बदलला. पहिल्या दोन प्रयोगांत ते आम्ही ठेवलं. दोन्ही वेळा पहाटेचा प्रवेश संपला की लोकांनी चपला शोधायला सुरुवात केली. भिंतीवरच्या ओळीचं उत्तर मिळालं होतं, त्यांच्या लेखी नाटक संपलं होतं.

तिसऱ्या प्रयोगापासून शेवट असा केला. पहाट, वखारीचं मागचं दार. सुशीला उंबऱ्यावर बसलीय. बायका आपापल्या चाळणी घेऊन येतात आणि तिच्याकडे बघत उभ्या राहतात. ती पदराची गाठ सोडते, किल्ली शेजारी फरशीवर ठेवते आणि आईची चाळण पालथी घालून तिच्यावर हात ठेवते. कुणी काही बोलत नाही. मग काशव्वा येऊन तिच्या शेजारी बसते आणि आपली चाळण पालथी घालते. ट्रकचा आवाज अजून बंदच आहे. तिसरी बाई बसायला वाकते तेव्हा दिवे जातात.